'मला सांगितलं का नाहीस?' असं विचारण्याआधी

ठाण्यात राहणारं एक जोडपं आहे असं समजा. लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत, दोघंही नोकरी करतात. नवऱ्याने गावी मोठ्या भावाला विहिरीवरची मोटार बदलण्यासाठी चाळीस हजार रुपये पाठवले. बायकोला हे त्याच्याकडून कळलं नाही, रविवारी मोठ्या जावेचा फोन आला तेव्हा बोलण्याच्या ओघात कळलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती संतापलेली होती. पहिलंच वाक्य आलं, "तू मला न विचारता पैसे देतोस कसे?" त्यावर त्याचं उत्तर, "माझ्या घरच्यांना काही दिलं की तुला खुपतंच." तिथून पुढचा तासभर मागच्या दिवाळीचे खर्च, तिच्या भावाच्या लग्नातला अहेर, सासूचं आजारपण असं सगळं निघालं आणि चाळीस हजारांबद्दल काहीच ठरलं नाही.

हे जोडपं कुणा एकाचं घर नाही. समुपदेशनात आमच्यासमोर येणाऱ्या अनेक भांडणांचा साचा यात एकत्र केला आहे. रागाखाली काय आहे ते आधी स्वतःशी ओळखायचं आणि मग बोलायचं, हे काम प्रत्यक्षात कसं होतं आणि कुठे अडतं, ते या एकाच भांडणातून नीट दाखवता येईल.

भावनांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग आणि स्यू जॉन्सन यांनी १९८० च्या दशकात कॅनडात जोडप्यांसाठी एक उपचारपद्धती उभी केली. तिच्यातला एक फरक इथे कामाचा आहे. एखादी गोष्ट लागली की क्षणात उमटते ती पहिली भावना. तिच्यावर प्रतिक्रिया म्हणून येते ती दुसरी. भांडणातला राग बहुतेक वेळा दुसरा असतो. दुखावलं जाणं किंवा घाबरणं यात माणूस उघडा पडतो, समोरच्याने सांभाळून घ्यावं अशी गरज त्याला लागते. रागात ती गरज लपते आणि अंगात बळ आल्यासारखं वाटतं. म्हणून राग इतक्या पटकन पुढे येतो की मागची भावना आली होती हेच आपल्या लक्षात येत नाही. समोरच्यालाही फक्त राग दिसतो आणि तो रागालाच उत्तर देतो.

काम सुरू करण्याआधी शरीर ताळ्यावर आहे का ते बघावं लागतं. आम्ही मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजायला सांगतो आणि आलेल्या आकड्याला चारने गुणायला. बसल्या जागी उत्तर शंभराच्या वर गेलं, तर त्या वेळी बोलायचं नाही. अमेरिकेत सिएटलमध्ये जॉन गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके इतके वाढले की माणसाला समोरच्याचं म्हणणं नीट ऐकूच येत नाही, प्रत्येक वाक्य हल्ल्यासारखं लागतं, हे तिथे दिसलं. एका प्रयोगात त्यांनी चालू भांडण थांबवलं, यंत्रं नीट करायची आहेत असं सांगितलं आणि जोडप्याला अर्धा तास मासिकं चाळायला दिली. ठोके उतरल्यावर त्याच माणसांचं बोलणं बदललेलं होतं. तेव्हा किमान वीस मिनिटं हवीतच.

या वीस मिनिटांत सगळ्यात जास्त चूक होते ती थांबण्याच्या पद्धतीत. "जाऊ दे, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही" म्हणून दार आपटून निघून जाणं म्हणजे थांबणं नव्हे. मागे राहिलेल्या माणसाला त्यात 'हा मला सोडून गेला' एवढंच ऐकू येतं, आणि त्याचीही भीती रागाचे कपडे घालून उभी राहते. म्हणून परत कधी यायचं ते सांगून जायचं: "मला आत्ता नीट बोलता येणार नाही. साडेआठला बोलू." आणि साडेआठला स्वतःहून यायचं. वन-बीएचके घरात वेगळी खोली नसते, बाहेर सासू-सासरे बसलेले असतात, मुलं अभ्यास करत असतात. अशा वेळी खाली सोसायटीत दोन फेऱ्या मारा, गच्चीवर जा किंवा वाळलेले कपडे घड्या करायला घ्या. काहीही चालेल, फक्त 'तो असं म्हणाला तर मी तसं म्हणेन' ही तालीम चालू ठेवायची नाही. ती चालू राहिली तर तासाभरानेही नाडी उतरलेली नसते, आणि उतरली नाही हेच ती चालू असल्याचं चिन्ह.

आता खरं काम. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा: नेमकं कोणत्या क्षणी लागलं? 'कशाबद्दल राग आलाय' असं विचारू नका, कारण त्याला मन लगेच यादी देतं. क्षण शोधायचा. झालेला प्रसंग आठवत हळूहळू मागे जायचं आणि कुठे पोटात चर्र झालं ते बघायचं.

आपल्या जोडप्यातल्या तिला आधी वाटलं की चाळीस हजारांचा आकडा ऐकला तेव्हा. पण आकडा आठवला तर आत फारसं काही हलत नाही. रक्कम मोठी आहे, तरी मोटार जळाली तर ती बदलावीच लागते हे तिलाही पटतं. मग ती फोनवरचं बोलणं क्रमाने आठवते. जाऊ म्हणाली होती, "बरं झालं भाऊजींनी लगेच पैसे धाडले." त्यावर तिने विचारलं, "कसले पैसे?" आणि पलीकडून आलं, "अगं, तुला ठाऊक नव्हतं होय?" इथे घशात आवंढा येतो. लागलं ते इथे. भांडणात मात्र या क्षणाचा उल्लेखसुद्धा झाला नव्हता. भांडण झालं ते पैशावर.

लागलेला क्षण बऱ्याचदा असा लहान, जवळजवळ सांगायला लाज वाटावी इतका क्षुल्लक असतो. कुणाचा तरी स्वर, एखादी नजर, मोबाइलमधून वर न बघता दिलेला हुंकार. क्षुल्लक वाटतो म्हणून माणूस तो सोडतो आणि भांडायला 'शोभेल' असा मोठा विषय उचलतो. मोठ्या विषयावरचं भांडण मग मिटत नाही, कारण लागलेलं तिथे नसतंच.

क्षण सापडला की दुसरा प्रश्न: अंगात कुठे? राग साधारणपणे वर चढतो, बाहेर जातो. जबडा आवळतो, कानशिलं तापतात, मुठी वळतात. दुखावलं जाणं छातीत आणि घशात असतं, त्यात जडपणा असतो. भीती पोटात गोळा आणते, हातपाय गार करते. शरमेत मान खाली जाते, चेहरा लपवावासा वाटतो. प्रत्येकाचं शरीर अगदी असंच वागतं असं नाही, तरी रागाच्या जागेपेक्षा वेगळी जागा दुखते आहे का, एवढं कळलं तरी पुरतं. तिला घशात आवंढा होता आणि त्याच्याबरोबर चेहरा गरम झाला होता. म्हणजे दुखावणं आहे, आणि शरमेचाही अंश आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. त्या क्षणाने माझ्याबद्दल काय सांगितलं? 'तो कसा आहे' हे त्या क्षणाने सिद्ध केलं असं मन सांगू लागतं, आणि उत्तर तिकडेच पळतं: तो लबाड आहे, त्याला माझी किंमत नाही. प्रश्न पुन्हा स्वतःवर आणायचा. त्या क्षणी मी कोण झाले? तिचं उत्तर थोडा वेळ घेऊन येतं. गावच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. त्या क्षणी मी त्या घरातली उरले नाही.

आता नाव द्यायचं. नाव दिल्याने काय होतं याचा एक पुरावा प्रयोगशाळेतला आहे. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली आणि त्यातल्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितला. शब्द निवडताना मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागचा विचार करणारा भाग अधिक सक्रिय झाला. तिथले चेहरे अनोळखी होते. नवरा-बायकोचं भांडण त्याहून फार गुंतागुंतीचं आहे, तेव्हा या अभ्यासातून घ्यायचं ते एवढंच, की भावनेला शब्द देणं म्हणजे ती उगाळणं नव्हे.

शब्द मात्र भावनेचाच हवा, आणि इथेच बहुतेक लोक घसरतात. 'मला गृहीत धरल्यासारखं वाटतं', 'फसवल्यासारखं वाटतं', 'मला डावलल्यासारखं वाटतं' ही वाक्यं भावनेची वाटतात, पण त्यांत दुसऱ्याने काय केलं याचा आरोप दडलेला असतो. गृहीत धरलं कुणी? फसवलं कुणी? ऐकणारा बरोबर तेवढंच ऐकतो आणि बचावाला उभा राहतो: "मी कुठे फसवलं?" ओळखायची खूण सोपी आहे. शब्दात दुसरा माणूस कर्ता म्हणून लपला असेल तर तो आरोप. तसंच 'मला वाटतं की तुला…' अशी सुरुवात झाली तर पुढे मत येणार, भावना नाही. 'वाटतं' या शब्दाने धोका खाऊ नये.

आम्ही शब्द सुचवायला एक छोटी यादी जवळ ठेवतो. दुखावले गेले, हिरमुसले, ओशाळले, लाजिरवाणं झालं, एकटी पडले, परकी वाटले, नकोशी वाटले, कमी पडते आहे अशी भीती, हातून सुटतंय अशी भीती, पुढे काय होईल याची धास्ती, हतबल. पुरुषांना यातले बरेच शब्द स्वतःसाठी वापरायची सवय नसते. "वैताग आला" किंवा "डोकं फिरलं" यापुढे गाडी जात नाही. त्यांना आम्ही आधी शरीरातली जागा विचारतो आणि मग यादीतले दोन-तीन शब्द एकेक करून मनात म्हणायला सांगतो.

पहिला सुचलेला शब्द क्वचितच बरोबर असतो, म्हणून तो पारखायचा. ती आधी म्हणते, "पैशाची काळजी वाटते." घशातला आवंढा तसाच. मग, "फसवलं गेल्यासारखं." जबडा आणखी आवळला. म्हणजे राग वाढला, ही उलटी खूण झाली. मग, "ओशाळले." हो, थोडंसं. जावेपुढे ओशाळायला झालं खरं. पण अजून काहीतरी मागे आहे. मग हळूच, "परकी. इतकी वर्षं होऊनही मी परकीच आहे की काय, अशी भीती." इथे डोळे भरतात आणि श्वास लांब सुटतो. खांदे खाली येतात. बरोबर शब्द सापडला की शरीर असं सैल पडतं. रडू आलंच पाहिजे असं नाही, पण सुटलेला श्वास बहुतेक वेळा असतो. शब्द सापडूनही नुसता जोर चढत असेल, तर आपण अजून आरोपावरच आहोत.

हे सगळं करूनही खाली काहीच सापडलं नाही तर? ते शक्य आहे. प्रत्येक रागाखाली दुःख असतंच असं नाही. नवऱ्याने चारचौघांत अपमान केला, परवानगी न घेता फोन उघडला, दिलेला शब्द तिसऱ्यांदा मोडला, तर येणारा राग हीच पहिली भावना असते आणि तो योग्य ठिकाणी आलेला असतो. अशा वेळी ओढूनताणून हळवेपणा शोधू नये. राग स्पष्ट शब्दांत सांगावा आणि काय चालणार नाही ते सांगावं. बायकांना तर 'रागावू नकोस, समजून घे' हे लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यामुळे या पद्धतीचा उपयोग राग गिळण्यासाठी होऊ नये याची आम्ही मुद्दाम काळजी घेतो.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे हे करूच नये. जोडीदार मारतो, मारण्याची धमकी देतो, वस्तू फोडतो, पैसे किंवा फोन काढून घेतो, आपण बोललेलं पुढे आपल्याविरुद्ध वापरतो, तर त्याच्यापुढे आपली भीती उघडी करणं धोक्याचं आहे. तिथे रागाखालची भीती शोधायची गरज नाही, ती खरी आहे आणि ती बाहेर पडण्याची सूचना देते आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा शारीरिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसेतच मोजतो. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीसाठी ११२.

परत त्या घरात येऊ. नाव सापडलं, आता बोलायचं. आम्ही तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलू देत नाही. पहिल्यात घटना, कॅमेऱ्यात दिसेल तेवढीच. दुसऱ्यात भावना. तिसऱ्यात आत्ता काय हवंय ते. चौथं वाक्य सुरू झालं की त्यात 'नेहमी', 'कधीच', 'तुझी आई' यांपैकी एक तरी येतंच.

तिचं बोलणं असं झालं: "दुपारी वहिनींनी पैशाचं सांगितलं, तेव्हा 'तुला ठाऊक नव्हतं होय' असं त्या म्हणाल्या. मला एकदम परकं वाटलं, आणि इतक्या वर्षांनंतरही मी तुमच्या घरातली नाहीच की काय अशी भीती वाटली. मला आधी फक्त एवढंच हवंय की तू हे ऐकून घ्यावंस."

इथे तीन गोष्टी बिघडू शकतात. एक, शेवटी 'पण' जोडला जातो: "…भीती वाटली, पण तुला काय त्याचं!" त्या एका तुकड्याने आधीचं सगळं पुसलं जातं. दोन, हळवा शब्द चढ्या आवाजात फेकला जातो, "परकी आहे मी, समजलं?" तेव्हा शब्द बरोबर असला तरी आवाज रागाचा असतो, आणि ऐकणारा आवाजाला उत्तर देतो. असं झालं तर नाव सापडलं होतं पण शरीर उतरलं नव्हतं, परत दहा मिनिटं थांबावं. तीन, जागा आणि वेळ चुकते. रात्री साडेअकराला, सासूच्या देखत, किंवा तो लोकलमध्ये उभा असताना व्हॉट्सॲपवर हे वाक्य पाठवलं, तर त्यातला ओलावा पोचत नाही. समोरासमोर, दोघांचं पोट भरलेलं आणि मुलं दुसऱ्या खोलीत, एवढं तरी हवं.

ऐकणाऱ्याला करायचं काम एकच आहे, पण ते अवघड आहे. आपली बाजू न मांडता, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणायचं. "जावेकडून कळलं तेव्हा तुला परकं वाटलं." एवढंच. 'तसं नाही गं', 'तू उगाच मनाला लावून घेतेस', 'मी सांगणारच होतो' यांतलं काहीही नाही. 'मी सांगणारच होतो' हे खरंही असेल, पण ते तिच्या भीतीला उत्तर नाही, स्वतःच्या बचावाला आहे.

तिला ऐकलं गेलं असं वाटल्यावर त्याची पाळी. त्याच्या रागाखालीही काहीतरी होतं. 'माझ्या घरच्यांना काही दिलं की तुला खुपतंच' हे वाक्य कुठून आलं? त्याने तोच रस्ता चालून बघितला. लागलेला क्षण ती 'देतोस कसे' म्हणाली तो नव्हता. तो त्याच्याही आधीचा, भावाचा फोन आला तेव्हाचा. दादाने फोनवर आधी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग अडखळत पैसे मागितले. ज्या भावाने स्वतःचं शिक्षण सोडून आपल्याला शिकवलं, त्याला मागावं लागलं याची त्याला शरम वाटली. आणि बायकोला विचारलं अन् ती नाही म्हणाली, तर दोघांच्या मध्ये मी काय करू, ही भीती. पोटात गोळा. म्हणून त्याने विचारणंच टाळलं. तो म्हणाला, "दादाने मागितले तेव्हा मला लाज वाटली. तू नको म्हणालीस तर मी दोन्हीकडे कमी पडेन, अशी भीती वाटली आणि मी सांगायचं टाळलं."

बघा, आता समोरासमोर काय आहे. एका बाजूला आपण घरातले नाही ही भीती, दुसऱ्या बाजूला दोन्हीकडे कमी पडण्याची भीती. आणि त्याच्या भीतीपायी घडलेल्या गोष्टीनेच तिची भीती खरी करून दाखवली होती. भांडणाच्या पहिल्या तासात यातलं काहीही बाहेर आलं नसतं, कारण तिथे एक जण खर्चाचा हिशेब मागत होता आणि दुसरा घरच्यांची बाजू लढवत होता.

पैशाचा प्रश्न यातून सुटत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. भावना ऐकली गेली म्हणजे चाळीस हजार परत आले नाहीत. पण तो विषय त्याच संध्याकाळी काढू नये. दोघं हळवी झालेली असताना व्यवहार ठरवला, तर एक जण अपराधीपणापोटी जास्तच कबूल करतो आणि पंधरा दिवसांनी तेच टोचतं. तो दुसऱ्या दिवशी, वेगळा, कागद-पेन घेऊन. या दोघांनी ठरवलं ते असं: पाच हजारांवरची कोणतीही रक्कम, कुणाच्याही माहेरी-सासरी, देण्याआधी एक फोन. परवानगीसाठी नाही, माहितीसाठी. गावाकडून अडचण आली तर दरमहा बाजूला ठेवलेल्या रकमेतून आधी, आणि त्याहून जास्त लागलं तर दोघांनी बसून. आणि पुढच्या वेळी गावी काही कळवायचं असेल तर वहिनींना तिनेच फोन करायचा.